मोतीच्या कागदपत्रांचं जर्मन भाषांतर: काही महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात आमच्या कुत्र्याला, मोतीला, पुण्याहून जर्मनीला आणलं तेव्हा मी या भाषांतर सेवेची सगळ्यांकडे शिफारस करत होतो. मे महिन्यात मत बदललं. मोतीचा युरोपीय पासपोर्ट करायला इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी भाषांतर वाचलं आणि म्हणाल्या, रेबीजच्या लशीची मुदत ८ एप्रिललाच संपली आहे. शिवाय लस ८ मे २०२४ ला दिलेली आणि मायक्रोचिप १८ जूनला बसवलेली. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपात धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही.

मूळ लसपुस्तिकेत चिपची तारीख १८/०६/२०२४, लशीची ०५/०८/२०२४ आणि मुदत ०४/०८/२०२५ अशी आहे. म्हणजे लस ५ ऑगस्टची आणि मुदत पुढच्या वर्षीच्या ४ ऑगस्टपर्यंत. भाषांतरात दिवस आणि महिना उलटे झाले. जर्मनीतही आपल्यासारखा आधी दिवसच लिहितात, मग हे झालं कसं? संस्थेनं शेवटी सांगितलं की सगळे तपशील त्यांनी आधी एक्सेलमध्ये भरले होते आणि संगणकाची मांडणी अमेरिकी होती. त्या मांडणीत ०५/०८ म्हणजे ८ मे. १८/०६ मात्र तसंच राहतं, कारण अठरावा महिना नसतो. म्हणून वरवर चाळताना पहिली तारीख बरोबर दिसते आणि खालच्या चुका लपून राहतात.

हा किरकोळ घोळ नाही. भारतातून येणाऱ्या कुत्र्याला रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी लागते. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, प्रमाण मिलिलीटरला किमान ०.५ युनिट यायला हवं, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांनीच प्रवेश मिळतो. मोतीचं रक्त १२/०९/२०२४ ला घेतलं आणि आम्ही २० डिसेंबरला उतरलो. भाषांतरात ही तारीख ९ डिसेंबर झाली होती. विमानतळावर कोणी ती वाचली असती, तर तीन महिन्यांऐवजी अकराच दिवस झालेले दिसले असते. पुढची लस मुदतीच्या आत देत राहिलं तर ही चाचणी पुन्हा करावी लागत नाही. मुदत चुकली, तर नवी लस पहिली म्हणून धरतात, २१ दिवस थांबावं लागतं, आणि भारतात जाऊन परत यायचं तर चाचणीही नव्यानं करावी लागते. एवढा सगळा भार त्या दोन आकड्यांवर होता.

विमानतळावर कोणी का वाचली नाही, तेही मला आता कळलं. युरोपीय नमुन्याचं आरोग्य प्रमाणपत्र मुळातच इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत छापलेलं असतं, आणि आपल्या डॉक्टरांनी ते इंग्रजीत भरलं तरी चालतं. सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का पडल्यापासून दहा दिवसांत तिथं पोहोचायचं, एवढंच. त्याचं वेगळं भाषांतर लागतच नव्हतं. संस्थेनं मात्र त्या सगळ्या पानांचे पैसे घेतले. याचा मला तारखांपेक्षाही जास्त राग आहे, कारण हे काम रोज करणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं.

चिपचं पान मात्र त्यांनी उत्तम केलं आहे. पंधरा आकडी क्रमांक हातानं न टाइपता मूळ बारकोड स्टिकरचं स्पष्ट चित्र बाजूला लावलं, आणि चिप शरीरावर कुठं बसवली तेही लिहिलं. श्वानकर भरताना आणि विमा काढताना तेच पान दिलं, कुठंही अडलं नाही. डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला तेव्हा आकडा जुळला. लशीचा बॅच क्रमांकही बरोबर आहे.

दुरुस्तीसाठी मेल केल्यावर "मुळाप्रमाणेच आहे" असं उत्तर आलं, मग नव्या पानांचं शुल्क सांगितलं. मी पुस्तिकेतल्या १८/०६ वर खूण करून पाठवली: याच डॉक्टरांनी याच हातानं आधी दिवस लिहिला आहे. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडला, त्यात महिना अक्षरांत होता. त्यावर ते नमले. दुरुस्त पानं फुकट आली, कुरिअर माझ्याकडून घेतलं. प्रमाणपत्राच्या पानांचे पैसे परत केले नाहीत.

आता कोणी विचारलं तर सांगतो: प्रमाणपत्र देऊ नका, लसपुस्तिकेची भरलेली पानं तेवढी द्या. देण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून प्रत्येक तारखेचा महिना अक्षरांत लिहून, सही-शिक्का घ्या. भाषांतर आल्यावर चिप, लस, रक्त, प्रवास हा क्रम मुळाशी ताडून पाहा आणि मगच उरलेले पैसे द्या. पाचपैकी दोन तारे, दोन्ही चिपच्या पानासाठी.