१९५० साली जन्मलेला माणूस: पांडुरंग, सुरेश की सुनील?

कादंबरी २०२५ मध्ये घडते आणि तिच्यात पंचाहत्तरीचे आजोबा आहेत, म्हणजे त्यांचा जन्म १९५० चा. इथे बरेच लेखक विष्णुपंत, गोविंदराव, आणि बाई असेल तर गोदावरी किंवा भागीरथी असं नाव ठेवून मोकळे होतात. पण ही त्या आजोबांच्याही आजोबा-आजीच्या पिढीची नावं. आपल्या लहानपणी म्हातारी असलेली माणसं डोक्यात बसलेली असतात, त्यामुळे ही गफलत होते. आजचा पंचाहत्तरीचा माणूस १९७० मध्ये वीस वर्षांचा होता.

नुसतं जन्मसाल बघूनही काम होत नाही. सुनील गावसकर, गोपीनाथ मुंडे, प्रमोद महाजन आणि नामदेव ढसाळ हे चौघेही १९४९ चे. त्याच एका वर्षी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात सुनील, परळीजवळच्या नाथ्रा गावात गोपीनाथ आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात नामदेव. म्हणजे नाव जन्मसालाइतकंच आईवडिलांबद्दलही बोलतं: ते कुठे राहत, किती शिकलेले होते, मुलाकडे देवाचा प्रसाद म्हणून बघत होते की नव्या जमान्याचा माणूस म्हणून.

एक पात्र घेऊन बघू. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात १९५० साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. मॅट्रिक झाला, एसटीत कंडक्टर लागला, आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहतो. नावं तीन सुचतात: पांडुरंग, सुरेश आणि सुनील.

पांडुरंग पूर्णपणे शक्य आहे. वारकरी घरात ज्ञानदेव, तुकाराम, निवृत्ती, विठ्ठल ही नावं पन्नासच्या दशकातही सर्रास ठेवली जात. अडचण फक्त वाचकाची आहे. पांडुरंग म्हटलं की शहरी वाचकाला धोतर आणि टोपी दिसते, आणि तुमचा माणूस तर पँट-शर्ट घालून नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. हा विरोध तुम्हाला हवा असेल तर नाव उत्तम. नको असेल तर पुढची पन्नास पानं त्या टोपीशी भांडण्यात जातील.

सुरेश हे नाव गावात जन्मलेल्या आणि शहरात नोकरी केलेल्या माणसाला छान बसतं. सुरेश, रमेश, प्रकाश, अशोक, अरुण, विजय, दिलीप, चंद्रकांत, शशिकांत ही त्या पिढीची खरी गर्दी. शाळेत जाणाऱ्या थोरल्या भावाने किंवा मास्तरांनी सुचवलेली, घरात कोणाच्याही आधीच्या पिढीत नसलेली. तोटा एवढाच की ही नावं आज इतकी ओळखीची झाली आहेत की सपक वाटतात. त्यावरचा उपाय पुढे येतो.

सुनीलला मी इथे नाही म्हणेन. त्या काळी तो शहराकडचा, पांढरपेशा घराचा कल होता. १९५० च्या खेड्यातला सुनील अशक्य नाही, पण मग त्या नावामागची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती गोष्ट तुमच्या कादंबरीला नको असते.

देशभक्तीची नावं घ्यायचा मोह होतो, तेव्हा सुभाष घ्यावं. ते इतकं रुळलेलं आहे की कोणी थबकत नाही. १५ ऑगस्टला जन्मलेला ‘स्वतंत्र’ मात्र पात्र न राहता फलक होतो.

सपकपणावरचा उपाय मराठी नावाच्या रचनेतच आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. ‘सुरेश पांडुरंग’ म्हटलं की दोन शब्दांत पिढीचा बदल दिसतो: बाप विठोबाचा, मुलगा नव्या वळणाचा. आणि पांडुरंग हे सुंदर नाव वायाही जात नाही. आजोबा ‘पांडुरंग’ ठेवलेत तर त्यांच्या वडिलांना बाळकृष्ण किंवा रामचंद्र असं काही शोधावं लागेल, आणि दोघे एकाच पिढीचे भासतील. कंडक्टर आजोबांसाठी मी डोळे झाकून ‘सुरेश पांडुरंग’ घेईन. भावंडांची नावं जोडून ठेवायची हौसही त्याच काळातली, तेव्हा धाकटा रमेश असायला हरकत नाही. जन्मतारीख १ जून लिहा. शाळेत घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी बहुधा तीच टाकत.

आता त्यांची बायको. जन्म १९५४, माहेर सांगलीकडचं. द्रौपदा, विमल की मेधा? द्रौपदा, कौसल्या, अनुसया ही नावं खेड्यात तेव्हाही होती, पण शाळेत गेलेल्या बाईला विमल, कमल, मंगल, सुनंदा, शकुंतला जास्त शोभतात. मेधा पाटकर १९५४ च्या आणि स्मिता पाटील १९५५ च्या, तेव्हा ही नावं होती हे खरं. पण दोघींचीही घरं चळवळीतली, वाचती. शेतकऱ्याच्या घरात मेधा आली की वाचक तिच्या वडिलांबद्दल प्रश्न विचारू लागतो. मी विमल घेईन.

पण बाईच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांचं नाव लग्नात बदललं, ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहून. म्हणजे विमल सासरी सुमन झाली असेल. तिला विमल म्हणणारं आज कोण उरलंय, एखादा भाऊ, एखादी शाळेतली मैत्रीण, यावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. पुरुष पात्रापाशी ही सोय नाही. आणि सुरेशराव तिला नावाने हाक मारतात का, हेही ठरवा. तिने त्यांचं नाव उखाण्याखेरीज उच्चारलं नसण्याची शक्यता बरीच आहे. संवादात ‘अहो’, ‘आक्का’, ‘नाना’ हेच जास्त येतील. कागदावरचं नाव प्रकरणाला एकदा आलं तरी पुरे.

नावातून दुःखही दिसतं. सिंधुताई सपकाळ १९४८ च्या, आणि घरी नकोशी मुलगी म्हणून त्यांना ‘चिंधी’ म्हणत. नकुशा हे नावही त्याच मनोवृत्तीतलं. असं नाव घेतलंत तर ते कथेत पेलावं लागतं. नुसती ग्रामीण छटा म्हणून वापरू नये.

सर्वांत जास्त चूक होते ती बौद्ध पात्रांत. लेखक १९५० साली जन्मलेल्या आजोबांना सिद्धार्थ किंवा राहुल म्हणतात. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्या वेळी हे आजोबा सहा वर्षांचे होते आणि त्यांचं नाव आधीच ठेवलेलं होतं: नामदेव, सखाराम, शंकर, किंवा बाबासाहेबांवरून भीमराव. सिद्धार्थ, मिलिंद, प्रज्ञा, सुजाता ही बहुधा त्यांची मुलं. इथेही ‘मिलिंद नामदेव’ हे पूर्ण नावच सगळं सांगून जातं.

शंका उरली तर पात्राच्या गावाची मतदार यादी उघडा. तिच्यात नाव, वय आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. सत्तर ते अठ्ठ्याहत्तर वयाच्या नोंदी वाचत जा आणि बापाच्या नावाकडेही लक्ष ठेवा. मात्र सापडलेलं पूर्ण नाव तसंच उचलू नका, ते कोणा जिवंत माणसाचं आहे. पहिलं नाव एका ओळीतलं घ्या, वडिलांचं दुसऱ्या ओळीतलं, आणि आडनाव त्या तालुक्यात शोभेल असं निराळं.