कामांच्या तारखांची साखळी स्प्रेडशीटमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे काम छोट्या बांधकामांचे आहे. एका वेळी दोन किंवा तीन साइट असतात आणि त्यांत बहुतेक बंगले किंवा जुन्या घरावरचा वाढीव मजला असतो. कामांचे वेळापत्रक मी पूर्वीपासून स्प्रेडशीटमध्येच ठेवत होतो, पण त्यातली प्रत्येक तारीख हाताने लिहिलेली असे. स्लॅब चार दिवस पुढे गेला की खालच्या पंधरा-वीस तारखा एकेक करून बदलाव्या लागत आणि त्यांतल्या एक-दोन हमखास राहून जात. जानेवारी २०२५ पासून मी ही पत्रके सूत्रांनी बांधली, म्हणजे प्रत्येक कामाची सुरुवात त्याच्या आधीच्या कामाच्या शेवटावरून आपोआप निघते. त्यानंतरच्या आठ महिन्यांत काय टिकले आणि काय मोडले, ते येथे नोंदवत आहे. मी गूगल शीट्स वापरतो, पण खालची सूत्रे एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतही चालतात.

पत्रकाची मांडणी साधी आहे. `A` मध्ये कामाचा क्रमांक, `B` मध्ये नाव, `C` मध्ये कामाचे दिवस, `D` आणि `E` मध्ये आधी संपायला हव्यात अशा कामांचे क्रमांक, आणि `F` मध्ये काम संपल्यावर थांबायचे दिवस. `G` ही सुरुवात, `H` हा शेवट आणि `I` ही पुढचे काम ज्या दिवसानंतर घेता येते ती तारीख. `J` मध्ये काम प्रत्यक्ष संपल्याची तारीख लिहायची. सुट्ट्यांची यादी `Holidays` नावाच्या वेगळ्या पानावर आहे. सातव्या ओळीतल्या प्लास्टरची सूत्रे अशी आहेत:

```
G7: =WORKDAY.INTL(MAX(
      IF(D7="",0,XLOOKUP(D7,A$2:A6,I$2:I6)),
      IF(E7="",0,XLOOKUP(E7,A$2:A6,I$2:I6))),
      1,11,Holidays!$A$2:$A$30)
H7: =IF(J7="",WORKDAY.INTL(G7-1,C7,11,Holidays!$A$2:$A$30),J7)
I7: =H7+F7
```

`11` म्हणजे फक्त रविवारची सुट्टी. ज्यांचा साप्ताहिक बंद गुरुवारी असतो त्यांनी तेथे `15` लिहावे. `H` च्या सूत्रात `G7-1` लिहिण्याचे कारण असे की `WORKDAY.INTL` सुरुवातीचा दिवस मोजत नाही, त्यामुळे एक दिवस मागून मोजायला सुरुवात केली नाही तर प्रत्येक काम एकेक दिवस लांबते. हे मला पहिल्या आठवड्यात कळले नव्हते आणि बारा कामांच्या साखळीत बारा दिवस फुकट वाढले होते.

या साऱ्या मांडणीत सर्वांत उपयोगी ठरला तो `F` स्तंभ, आणि तो माझ्या पहिल्या आराखड्यात नव्हताच. बांधकामात दिवस दोन प्रकारचे असतात. गवंडी काम करतो ते दिवस रविवार आणि सण वगळून मोजायचे असतात, पण काँक्रीट मुरते ते दिवस सलग मोजायचे, कारण सिमेंटला रविवार नसतो. आय. एस. ४५६ या मानकानुसार, साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि हवा १५ अंशांखाली जात नसेल तर, साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात. मी सुरुवातीला हे १४ दिवस स्लॅबच्या कामाच्या दिवसांतच मिळवले होते. १० मार्चला स्लॅब ओतला असे धरले, तर सलग मोजून १४ दिवस २४ मार्चला पूर्ण होतात, पण माझे पत्रक २७ मार्च दाखवत होते, कारण मधले दोन रविवार आणि १४ मार्चचे धूलिवंदन त्याने वगळले होते. सेंटरिंगचे साहित्य भाड्याचे असल्याने त्या तीन दिवसांचे भाडे आम्ही खरोखर भरले असते. आता `H` मध्ये कामाचे दिवस मोजले जातात आणि `I` मध्ये थांबायचे दिवस नुसते मिळवले जातात.

त्याच साइटवर साखळीची खरी परीक्षा झाली. मूळ योजना अशी होती: १० मार्चला स्लॅब, २५ आणि २६ मार्चला सेंटरिंग खोलणे, २७ मार्चपासून नऊ दिवसांचे वीटकाम, त्यानंतर भिंतींना सात दिवस पाणी, मग वायरिंग चार दिवस आणि प्लंबिंग सहा दिवस एकाच वेळी, आणि दोन्ही संपल्यावर प्लास्टर. ३१ मार्चची ईद आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती सुट्ट्यांच्या यादीत होतीच. पत्रकाने प्लास्टरची तारीख २२ एप्रिल काढली. १० मार्चला सकाळी तयार काँक्रीटचा पुरवठादार गाडी देऊ शकत नसल्याचे कळले आणि स्लॅब शनिवार १५ मार्चवर गेला. मी `G2` मध्ये एकच तारीख बदलली. सेंटरिंग खोलणे १ एप्रिलवर गेले, वीटकाम १२ एप्रिलला संपायचे झाले, प्लंबिंग २६ एप्रिलपर्यंत गेले आणि प्लास्टर सोमवारी, २८ एप्रिलला आले. स्लॅब पाच दिवस ढळला होता, पण प्लास्टर सहा दिवस ढळले. २९ मार्चला मुदत संपल्यावर लगेच रविवार आणि ईद आली, पुढे वीटकामाचे पाणी शनिवारी पूर्ण झाल्याने आणखी एक रविवार मध्ये आला, तर आधीच्या योजनेत वीटकामाच्या मधोमध येणारी ईद आणि पाणी मुरण्याच्या अखेरीस येणारी जयंती यांचा हिशेब वेगळा पडला. बोटांवर मोजून मी मालकांना "पाच दिवस उशीर" असे सांगून मोकळा झालो असतो.

आता जे मोडले त्याविषयी. पहिली अडचण सूत्राच्या व्याप्तीची होती. सुरुवातीला मी `XLOOKUP` मध्ये पूर्ण स्तंभ दिला होता, म्हणजे `A:A` आणि `I:I`. लगेच `#REF!` आले आणि वर्तुळाकार अवलंबित्वाची तक्रार आली. चूक माझ्या साखळीत नव्हती. सातव्या ओळीची सुरुवात `I` स्तंभात शोधली जाते, त्या स्तंभात सातव्या ओळीचीही तारीख असते आणि ती याच सुरुवातीवरून निघते, म्हणून पत्रकाच्या दृष्टीने सूत्र स्वतःलाच विचारत असते. म्हणून वर `A$2:A6` असा, फक्त वरच्या ओळींपुरता पल्ला दिला आहे. याचा एक फायदा असा की आधीचे काम वरच्या ओळीतच असावे लागते, आणि चुकून खालच्या कामाचा क्रमांक लिहिला तर `#N/A` दिसते. तोटा असा की मध्येच नवी ओळ घातली तर तिच्या लगेच खालच्या सूत्राचा पल्ला त्या नव्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे ओळ घातल्यावर वरचे सूत्र पुन्हा खालपर्यंत ओढून घेणे हा आता माझा नियमच झाला आहे.

क्रमांकाऐवजी थेट `=I6` असे लिहिण्याचा मोह अनेकांना होईल, कारण ते सूत्र लहान आहे. मी एका साइटवर तसे केले होते. एके दिवशी साइटवरच्या सहकाऱ्याने ठेकेदारांच्या नावांप्रमाणे ओळी क्रमवार लावल्या, आणि प्रत्येक काम आपल्या नव्या जागेच्या वरच्या ओळीला जोडले गेले. कोठेही चूक दाखवली गेली नाही, फक्त तारखा चुकीच्या झाल्या. टाइल्स प्लास्टरच्या आधी आल्या म्हणून ते लक्षात आले. क्रमांकाने शोधणारे सूत्र अशा वेळी निदान `#N/A` देऊन ओरडते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र हाताने लिहिलेल्या तारखांनी केले. साइटवर कोणी म्हणाले, "साहेब, प्लंबर सोमवारी येतोय," की सूत्रावरच तारीख टंकली जायची, आणि साखळी तेथे तुटायची. ती तुटल्याचे पुढच्या बदलापर्यंत कोणालाच कळत नसे. यावर दोन उपाय केले. प्रत्यक्ष शेवट लिहिण्यासाठी `J` स्तंभ दिला, आणि पहिल्या कामाखालच्या सगळ्या ओळींना, म्हणजे `G3` पासून पुढे, सशर्त रंग लावला:

```
=NOT(ISFORMULA(G3))
```

सूत्र पुसून कोणी तारीख लिहिली की ते घर लाल होते. यानंतर असे प्रकार अगदी कमी झाले. कदाचित लाल घर पाहून फोन करणारा मी आहे, हे सर्वांना कळले असावे.

`05/06` या तारखेचीही एक सूचना देतो. फाइलचा प्रदेश अमेरिका असा राहिला असेल, तर हे पाच जून न होता सहा मे होते, आणि `13/06` लिहिले तर ती तारीख न होता नुसता मजकूर राहतो. तारीख घराच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसली, तर ती तारीख नाही असे समजावे. फाइलच्या सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत केला की प्रश्न सुटतो.

साखळी दोन्ही दिशांनी ओढते, हे मी गृहीत धरले नव्हते. मे महिन्यात दुसऱ्या साइटवर प्लंबिंग दोन दिवस लवकर संपले, `J` मध्ये तारीख लिहिली आणि प्लास्टर दोन दिवस अलीकडे आले. पण प्लास्टरचा मिस्त्री आधी ठरलेल्या दिवसापर्यंत गावी होता. उशीर माणसांना कळवता येतो, पण आधी बोलावलेला माणूस आणखी आधी येत नाही. म्हणून `K` मध्ये "या तारखेआधी नाही" असा स्तंभ केला आणि `G` च्या सूत्रातल्या `MAX` मध्ये `K7-1` हा तिसरा घटक घातला. `K` रिकामा असेल तर त्याचा काही परिणाम होत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोणत्या कामाला किती दिवसांची सवड आहे, हे पत्रक दाखवत नाही. वरच्या उदाहरणात वायरिंग दोन दिवस लांबले तरी प्लास्टरला धक्का लागत नाही, पण ते तारखा पाहून स्वतःच ओळखावे लागते. जुनी योजनाही उरत नाही, कारण तारीख बदलताच सारे नवे होते. त्यामुळे काम सुरू करताना `G` आणि `H` चे केवळ मूल्य एका वेगळ्या पानावर चिकटवून ठेवतो. बिलाच्या वेळी मालकांशी बोलताना तेच पान कामाला येते. शिवाय थांबायचे दिवस कामाला एकदाच जोडले जातात. स्लॅबवर काम सुरू करण्याची आणि खालचे टेकू काढण्याची मुदत वेगळी असेल, तर एकाच स्लॅबच्या दोन ओळी कराव्या लागतात, आणि नवख्या माणसाला ते गोंधळाचे वाटते.

एका साइटच्या तीस-चाळीस ओळींसाठी ही पद्धत मला पुरेशी वाटते आणि मी ती सोडणार नाही. दोन साइटवर एकच टाइल्स मिस्त्री असेल, तर मात्र दोन फाइलींना एकमेकींचा पत्ता नसतो. ऑगस्टमध्ये दोन्ही पत्रकांनी त्याला एकाच सोमवारी बोलावले होते, आणि ते मला त्याच्याच फोनवरून कळले.