पॉलिसीच्या दिवशी सकाळी दहाला: सौदा सोडायचा की स्टॉप लांब न्यायचा?

माझा भाचा मुलुंडला राहतो, नोकरी लोअर परळला. रिझर्व्ह बँकेच्या पॉलिसीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा हमखास फोन येतो. मागच्या वेळी म्हणाला, "मामा, बँक निफ्टीचे दोन लॉट घेऊन बसलोय. काढून टाकू, की स्टॉप लांब नेऊन ठेवू?"

दोन्ही रस्ते बरोबर असू शकतात. कुठला कुणाला परवडतो, हे मात्र पैशाच्या हिशेबावर ठरतं.

आधी दहा वाजता काय होतं ते बघू. पतधोरण समितीची बैठक दर दोन महिन्यांनी, तीन दिवस चालते आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर बोलायला लागतात. बाजार सव्वानऊलाच उघडलेला असतो. दहाच्या आधी मोठे खेळाडू आपल्या ऑर्डर मागे घेतात, त्यामुळे खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर वाढतं. अशा पातळ बाजारात थोड्या सौद्यांनीही भाव लांब उडतो आणि नेहमीच्या दिवसाचा स्टॉप कारण नसताना उडवला जातो. स्टॉप लांब न्यायचा विचार येतो तो इथूनच.

शिवाय बातमी एका वाक्यात संपत नाही, हप्त्याहप्त्याने येते. ६ जून २०२५ आठवा. बहुतेकांची अपेक्षा पाव टक्का कपातीची होती. गव्हर्नर संजय मल्होत्रांनी रेपो दर थेट अर्धा टक्का कमी करून साडेपाचवर आणला. त्याच भाषणात धोरणाचा कल 'उदार'वरून 'तटस्थ'वर नेला, म्हणजे पुढच्या कपाती गृहीत धरू नका. आणि रोख राखीव प्रमाणात टप्प्याटप्प्याने एक टक्का कपात जाहीर केली, ती बँकांसाठी मोठीच चांगली बातमी. एकाच भाषणात एक बातमी वर ढकलणारी, दुसरी खाली, तिसरी पुन्हा वर. त्या दिवशी बँक निफ्टी चांगलाच वर बंद झाला, पण बंद भाव सांगतो तितका रस्ता सरळ नसतो.

आता भाच्याचा हिशेब. भांडवल आठ लाख, एका सौद्यात एक टक्का म्हणजे आठ हजारांपर्यंत घाटा सोसायचा, हा त्याचा स्वतःचा नियम. लॉट ३० चा धरू (एक्सचेंज तो अधूनमधून बदलतं, सौद्याआधी बघून घ्या). फ्युचर ५५,००० ला घेतलेलं, स्टॉप १३० पॉइंट खाली. दोन लॉटवर घाटा ७,८०० रुपये. नियमात बसतं.

त्याच्या मनात स्टॉप २६० वर न्यायचं होतं, दोन्ही लॉट तसेच ठेवून. मग घाटा १५,६०० होतो. म्हणजे स्टॉप लांब नेला असं वाटत असताना त्याने प्रत्यक्षात दुप्पट मोठा सौदा केला असता, तोही सगळ्यात बेभरवशाच्या अर्ध्या तासासाठी. स्टॉप दुप्पट करायचा तर लॉट निम्मे करायचे. एक लॉट विकायचा, उरलेल्यावर २६०, घाटा पुन्हा ७,८००.

त्यातही एक मेख आहे. स्टॉप लागल्यावर ऑर्डर बाजारभावाने जाते, आणि त्या क्षणी मिळेल तो भाव घ्यावा लागतो. समजा चाळीस पॉइंट खाली मिळाला, तर २६० चे ३०० होतात आणि घाटा नऊ हजारांवर जातो. म्हणून घसरण धरून २६० बसवायचे: स्टॉप २२० वर, चाळीस हाताशी.

किती लांब, हे अंदाजाने ठरवू नका. मागच्या सहा पॉलिसींचे पाच मिनिटांचे चार्ट उघडा, म्हणजे साधारण वर्षभराचा माल होतो. दहा ते पावणेअकरात भाव आपल्या सौद्याच्या उलट जास्तीत जास्त किती गेला ते लिहून काढा. सरासरी घेऊ नका, कारण स्टॉप सरासरी दिवशी उडत नाही. त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. त्यापलीकडे स्टॉप ठेवून एका लॉटचाही घाटा आपल्या नियमात बसत नसेल, तर प्रश्न तिथेच मिटला: बाहेर बसायचं. एकच लॉट घेणाऱ्याकडे निम्मं करायला काही नसतं, म्हणून लांब स्टॉप हा पर्याय त्याच्यासाठी जवळजवळ नसतोच. आमच्या ओळखीतले बहुतेक जण याच गटात मोडतात, पण कबूल कुणी करत नाही.

ऑप्शनमध्ये आणखी अडचण. २०२१ पासून एनएसईवर ऑप्शनसाठी बाजारभावाची स्टॉप ऑर्डर बंद आहे. ट्रिगर आणि मर्यादा असे दोन भाव द्यावे लागतात. मी एकदा १८० चा ट्रिगर, १७५ ची मर्यादा ठेवली होती. प्रीमियम १८२ वरून थेट १६० वर उतरला. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, आणि १७५ ला घेणारा कुणी नसल्यामुळे 'पेंडिंग' म्हणून तशीच पडून राहिली. स्टॉप लावलाय या भरवशावर मी स्क्रीनकडे बघत होतो आणि घाटा चालूच होता. शिवाय बातमी आल्यावर अनिश्चितता ओसरते आणि फुगलेला प्रीमियम उतरतो, त्यामुळे दिशा बरोबर असूनही पैसे जाऊ शकतात. खरेदी केलेल्या ऑप्शनवर लांब स्टॉप लावून पॉलिसी काढणं मला पटत नाही.

बाहेर बसण्याचीही किंमत आहे. काढून पुन्हा घेण्यात ब्रोकरेज आणि करात थोडे पैसे जातात, ते सोडा. खरी किंमत चुकलेल्या हालचालीची. सहा जूनसारख्या दिवशी खरेदी करून बसलेला खूश आणि बाहेरचा चडफडत. मग सव्वादहाला तो चढ्या भावात घुसतो, आणि इथेच बाहेर बसण्याचा फायदा वाया जातो. पुन्हा शिरायचं तर भाषण संपल्यावर पंधरा मिनिटांच्या दोन मेणबत्त्या पूर्ण होऊ द्याव्यात आणि नेहमीच्या स्टॉपला नेहमीचा लॉट मिळतोय का ते बघावं. सौदा आधीच तीनशे पॉइंट नफ्यात असेल तर मात्र मी एक लॉट काढतो आणि दुसऱ्याचा स्टॉप खरेदी भावावर ठेवून बसतो.

अमेरिकेच्या फेडच्या निर्णयाला हा सगळा हिशेब लागूच नाही. तो आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो. शेअर बाजार तेव्हा बंद. सकाळी सव्वानऊला भाव थेट खाली उघडला तर २२० चा काय, ५०० चा स्टॉपही उघडेल त्या भावालाच लागतो. तिथे निवड दोनच: लॉट कमी करणं किंवा नसणं. आणि ४ मे २०२२ सारखं, वेळापत्रकात नसताना दुपारी दोनला दरवाढ आली आणि सेन्सेक्स १,३०० हून जास्त पडला, त्याला यातला कुठलाच उपाय पुरत नाही.

भाच्याला मी शेवटी एवढंच विचारलं, "उद्या दहाला तू कुठे असशील?"

"नेहमीचीच फास्ट. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी."

त्या पट्ट्यात त्याचं नेटवर्क जातं, आणि गर्दीत हात खिशापर्यंत पोचत नाही. त्याने बाजार बंद व्हायच्या आधीच दोन्ही लॉट काढायला हवे होते, ते राहून गेलं होतं. मग ठरलं, सव्वानऊला मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून सौदा काढायचा, आणि मगच गाडी पकडायची.