विषम संख्यांची बेरीज: मुलांना ठिपक्यांची कोणती मांडणी दाखवावी?

१ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. सातवी-आठवीच्या मुलांना हे लगेच पटतं आणि मग प्रश्न येतो: 'पण नेहमीच वर्ग का येतो?' ठिपक्यांनी त्याचं उत्तर देणाऱ्या दोन मांडण्या आहेत. इथे नागपुरात माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, घरी यातली कोणती घेऊ? दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्हींतून हाती लागतं ते वेगळं.

पहिली काटकोनी पट्ट्यांची. कोपऱ्यात एक ठिपका ठेवायचा आणि त्याच्या उजवीकडून व खालून एकेक पट्टी चढवत जायचं. चौकटीच्या वहीत ठिपक्यांऐवजी पट्टीचा क्रमांक लिहिला, तर चित्र जास्त बोलतं:

```
१ २ ३ ४
२ २ ३ ४
३ ३ ३ ४
४ ४ ४ ४
```

१ एकदा, २ तीनदा, ३ पाचदा, ४ सातदा. पण इथे थांबलात तर मुलाने फक्त चार उदाहरणं पाहिली. खरं कारण पुढच्या पट्टीत आहे. ४ × ४ च्या चौरसाला ५ × ५ करायचं तर उजवीकडे ४ ठिपके, खाली ४ आणि मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यात १, म्हणजे ९ लागतात. बाजू k असेल तर k + k + १. बाजू एकाने वाढली की पुढची पट्टी दोन ठिपक्यांनी मोठी होते, म्हणून ओळीने येणारी प्रत्येक विषम संख्या आपल्या जागी नेमकी बसते आणि चौरस कधीच मोडत नाही. 'एक पायरी खरी असेल तर पुढचीही खरी' या तर्काने इटलीच्या माउरोलिको यांनी १५७५ साली छापलेल्या ग्रंथात हेच सिद्ध केलं होतं.

दुसरी मांडणी जिन्याची. ओळींत १, ३, ५, ७ ठिपके ठेवायचे आणि तसाच दुसरा जिना उलटा करून शेजारी बसवायचा:

```
● ○ ○ ○ ○ ○ ○ ○
● ● ● ○ ○ ○ ○ ○
● ● ● ● ● ○ ○ ○
● ● ● ● ● ● ● ○
```

प्रत्येक ओळीत ८, ओळी ४, एकूण ३२. त्याचे निम्मे १६. n ओळी असतील तर प्रत्येक ओळीत २n ठिपके, म्हणून निम्मे n². आर्यभटीयाच्या गणितपादात पहिलं आणि शेवटचं पद मिळवून पदसंख्येच्या निम्म्याने गुणायला सांगितलं आहे, तो हाच हिशेब. हिची ताकद मोठी आहे, कारण सारख्या फरकाने वाढणारी कोणतीही बेरीज ती सोडवते. मात्र या आयतात चौरस डोळ्यांना दिसत नाही, तो हिशेबातून काढावा लागतो. 'वर्गच का?' हा मुलाचा प्रश्न त्यामुळे अर्धवट राहतो.

म्हणून पहिल्या भेटीला मी पट्ट्याच निवडेन. मूल दहावीच्या अंकगणिती श्रेढीपर्यंत आलं असेल, तर जिना.

समजलं की पाठ झालं, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: १ पासून ९९ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज किती? पुष्कळ मुलं ९९ चा वर्ग करायला घेतात. वर्ग शेवटच्या संख्येचा नसतो, पट्ट्यांच्या संख्येचा असतो. शेवटच्या पट्टीत ९९ ठिपके, त्यातला कोपऱ्यातला एक वगळला की ९८, दोन हात ४९-४९ चे. म्हणजे चौरसाची बाजू ५० आणि उत्तर २५००.

दुसरी चूक सुरुवातीची. ५ + ७ + ९ + … + २१ मध्ये नऊ संख्या आहेत म्हणून ८१ लिहिलं जातं. नियम १ पासून सुरू होणाऱ्या बेरजेचा आहे. पट्ट्यांच्या चित्रात २१ ही अकरावी पट्टी, म्हणून ११ × ११ च्या चौरसातून कोपऱ्यातला २ × २ कापायचा: १२१ − ४ = ११७. जिन्याने नऊ ओळी, प्रत्येकीत ५ + २१ = २६, निम्मे ११७. दोन्ही वाटा इथे जुळतात, आणि इथे मला जिना सोपा वाटतो.

पट्ट्या नीट कळलेल्या मुलासाठी आपल्या अंगणात एक सुंदर उदाहरण आहे. रांगोळीत मधल्या ओळीला ७ ठिपके आणि वर-खाली ५, ३, १ असे घेतले की एकूण किती? मधल्या ओळीसकट वरचा भाग १ + ३ + ५ + ७ = १६, खालचा ५ + ३ + १ = ९, मिळून २५. आता तेच ठिपके तिरक्या रेषांत बघायला सांगा. एकाआड एक रेषेत ४ आणि ३ ठिपके येतात: चार-चारच्या चार रेषा, तीन-तीनच्या तीन. ४ × ४ आणि ३ × ३ असे दोन तिरपे चौरस एकमेकांत गुंफलेले दिसतात. मधल्या ओळीत ९ ठिपके घेतले तर किती, हे मुलाला न मोजता सांगता यायला हवं: २५ + १६, म्हणजे ४१.