'प्लीज फाइंड अटॅच्ड' की सरळ सांगायचं काय जोडलंय?

आमच्या सोसायटीच्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसाठी कॉन्ट्रॅक्टरकडून तीन मेल आले, तिन्हीत एकच ओळ, 'प्लीज फाइंड अटॅच्ड', आणि फाइलचं नाव Scan0012.pdf. त्यातलं सुधारित कोटेशन कुठलं हे कळायला तिन्ही उघडावे लागले, तेही मोबाईलवर.

मग ऑप्शन काय? 'सोबत जोडले आहे' हे त्याचंच मराठी रूप, फक्त सरकारी पत्राच्या तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' असतं त्याची आठवण येते. तिथे ते बरोबर बसतं, कारण वर पत्रात कुठले कागद ते आधीच लिहिलेलं असतं. आपल्या मेलमध्ये 'वरीलप्रमाणे'ला वर काहीच नसतं ना! 'फाईल अटॅच केलीय, बघा' हे बोलल्यासारखं वाटतं, ओळखीच्या माणसाला चालतंही, पण फाईल कशाची हे तेही सांगत नाही, म्हणजे फरक फक्त सुराचा.

आता हे बघा:

'टेरेसचं सुधारित कोटेशन पाठवतोय, दोन पानं आहेत. एकूण १,८४,००० रुपये, जीएसटी धरून. पान २ वर गॅरंटीची अट बदललीय, तेवढी बघून शुक्रवारपर्यंत सांगा.'

जेमतेम तीन-चार ओळी. नोटिफिकेशनमध्ये मेलची सुरुवातच दिसते, तिथेच 'सुधारित कोटेशन' वाचून काम कळतं. आणि सहा महिन्यांनी जीमेलमध्ये 'कोटेशन' शोधलं तर मेल सापडतो. मेलमध्ये शब्दच नसले आणि फाईल स्कॅन केलेली असली तर has:attachment टाकून एकेक उघडत बसायचं.

पण याचीही एक कटकट आहे. आकडा मेलमध्ये आणि फाईलमध्ये दोन्हीकडे असला की एक बदलायचा राहतो. मी एकदा फाईल नवी जोडली आणि मजकूर जुन्या मेलमधून कॉपी केला, समोरच्याने विचारलं नेमकी रक्कम कुठली, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. म्हणून आता फाईल आधी जोडतो, ती उघडून बघतो आणि मगच ओळ लिहितो, त्यामुळे फाईल न जोडताच मेल सेंड व्हायची भानगडही संपली. आणि पगाराची स्लिप किंवा मेडिकल रिपोर्ट असेल तर आतला आकडा मेलमध्ये अजिबात नको, 'जूनची स्लिप' एवढं पुरे, नोटिफिकेशन शेजारचाही वाचतो.

तर बँकेला किंवा सरकारी ऑफिसला पाठवताना 'सोबत' लिहून खाली कागदांची नंबरवार यादी द्या, तिथे तीच पद्धत कामाची. कॉन्ट्रॅक्टर, क्लायंट, सोसायटी यांना मात्र काय आहे, कुठे बघायचं आणि कधीपर्यंत ते लिहा. आणि हो, Scan0012 चं नाव बदलून 'टेरेस कोटेशन सुधारित' करा, दहा सेकंदांचं काम आहे.