वाइंडिंग नंबर वापरून आठ महिने झाले: भोकं असलेल्या बहुभुजाने शिकवलेला धडा

आमचं ॲप फोटोंवर ते कुठे काढले याची नोंद करतं. फोटोचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि ते कोणत्या देशाच्या बहुभुजात पडतात हे पाहायचं. शिवाय वापरणाऱ्याला नकाशावर बोटाने वर्तुळ काढून 'इथले फोटो दाखव' असंही म्हणता येतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत दोन्ही कामं बिंदूपासून एक किरण काढून त्याचे बहुभुजाच्या कडांशी होणारे छेद मोजायच्या पद्धतीने चालायची: छेद विषम तर बिंदू आत, सम तर बाहेर.

पद्धत बदलावी लागली ती बोटाने काढलेल्या वर्तुळांमुळे. माणूस रेघ ओढताना मध्येच त्याच दिशेने एक छोटा वेढा घालतो. त्या वेढ्यातल्या बिंदूभोवती रेघ दोनदा फिरलेली असते, म्हणून छेद दोन, सम, आणि उत्तर 'बाहेर'. मधोमधचे फोटोच गायब! वाइंडिंग नंबर म्हणजे रेघ बिंदूभोवती किती वेढे घालते तो आकडा, आणि तो तिथे 2 येतो. शून्य नाही, म्हणजे बिंदू आत. ही तक्रार पहिल्या दिवसापासून बंद झाली.

वेगाची मला भीती होती. पुस्तकात ही पद्धत कोनांची बेरीज म्हणून भेटलेली, आणि प्रत्येक कडेला कोन काढणारा `atan2` परवडणार नव्हता. पण कोन मोजायची गरजच नाही. कड बिंदूच्या पातळीला वर जाताना ओलांडते आणि बिंदू तिच्या डावीकडे आहे, तर +1. खाली येताना ओलांडते आणि बिंदू उजवीकडे आहे, तर −1.

```python
def wn(px, py, ring):   # पहिला बिंदू शेवटी पुन्हा
    w = 0
    for (x1, y1), (x2, y2) in zip(ring, ring[1:]):
        d = (x2-x1)*(py-y1) - (px-x1)*(y2-y1)
        if y1 <= py < y2 and d > 0:
            w += 1
        elif y2 <= py < y1 and d < 0:
            w -= 1
    return w
```

यातला `<=` आणि `<` यांचा फरक जपून ठेवा. बिंदू नेमका एखाद्या शिरोबिंदूच्या पातळीवर आला की त्याच्या दोन्ही कडा मोजल्या जाऊ नयेत, म्हणून तो आहे. वेगात आम्हाला जाणवण्यासारखा फरक पडला नाही.

मग लेसोथो आला. हा देश चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या बहुभुजात त्याचं भोक असतं. पद्धत बदलल्यावर तिथले फोटो 'दक्षिण आफ्रिका' म्हणून दिसू लागले. डेटा तोच, आणि जुन्या पद्धतीत सगळं ठीक होतं.

कारण साध्या आकड्यांत दिसतं. बाहेरचा चौकोन (0,0), (10,0), (10,10), (0,10), म्हणजे घड्याळाच्या उलट. आतलं भोक (4,4), (4,6), (6,6), (6,4), घड्याळाप्रमाणे. बिंदू (5,5). बाहेरच्या चौकोनाची उजवी कड वर जाते, बिंदू तिच्या डावीकडे: +1. भोकाची उजवी कड खाली येते, बिंदू तिच्या उजवीकडे: −1. बेरीज 0, बिंदू बाहेर. आता भोकाचे बिंदू उलट्या क्रमाने द्या. तीच कड वर जाते, आणखी +1, बेरीज 2. भोक बुजलं! छेद मोजणाऱ्याला मात्र दिशेशी देणंघेणं नसतं, त्याला दोन्ही वेळा दोनच छेद दिसतात.

नकाशाच्या फाईलींचं म्हणाल तर शेपफाईल या प्रकारात बाहेरचं कडं, म्हणजे बाहेरची बंद रेघ, घड्याळाप्रमाणे आणि भोकं उलट. जिओजेसन या प्रकाराच्या 2016 च्या `RFC 7946` या दस्तऐवजात नेमकं याच्या विरुद्ध. दोन्हींत भोकाची दिशा बाहेरच्यापेक्षा वेगळी असते, त्यामुळे नियम पाळलेली कोणतीही फाईल चालते. पण 2008 च्या जिओजेसनमध्ये दिशेचा नियमच नव्हता, आणि नवा दस्तऐवजही म्हणतो की नियम न पाळणारी फाईल वाचणाऱ्याने नाकारू नये. आमची फाईल तशीच, दोन्ही कडी एकाच दिशेने फिरणारी.

आधी मी फाईल वाचताना चिन्हासकट क्षेत्रफळ काढून, त्या चिन्हावरून दिशा ओळखून भोकं उलटी करत होतो. चाललं, पण बोटाने काढलेल्या, स्वतःला छेदणाऱ्या कड्यात त्या चिन्हावर विसंबता येत नाही. शेवटी बेरीज करणंच सोडलं. बाहेरच्या कड्याचा `wn` शून्य नसावा आणि प्रत्येक भोकाचा वेगळा काढलेला `wn` शून्य असावा, एवढंच तपासतो. दिशेचा प्रश्नच मिटला. एकमेकांवर चढलेली भोकंही छळत नाहीत. छेदांच्या पद्धतीत दोन भोकांचा सामाईक भाग पुन्हा 'आत' धरला जातो.

एक दुखणं मात्र तसंच आहे. बिंदू नेमका सीमेवर असेल तर चौकोनाच्या डाव्या कडेवर 'आत' येतं आणि उजव्या कडेवर 'बाहेर'. लेसोथोची राजधानी मासेरू सीमेलाच खेटून आहे, तिथे हे विसरून चालत नाही. बिंदू कडेच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगणारा `d` शून्य आला आणि बिंदू कडेच्या दोन टोकांच्या मध्ये असला, तर आम्ही 'सीमेवर' असं तिसरं उत्तर देतो. दशांशांत `d` नेमका शून्य क्वचितच येतो, म्हणून अंश 1 कोटीने गुणून पूर्णांकात ठेवले आहेत. एका देशापुरता गुणाकार 64 बिटांत आरामात बसतो. 

जुनी पद्धत मी पुसलेली नाही. रोज रात्री देशांच्या फाईलीवर दोन्ही चालवतो, आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे बहुतेक वेळा फाईलमध्येच एखादं कडं स्वतःवर चढलेलं सापडतं.