खरेदी मंजुरीचं सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यावर: महालक्ष्म्यांत अडकलेली एक पीआर

मी जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचं स्टोअर बघतो. पूर्वी इंडेंट बुक घेऊन सह्यांसाठी केबिनी हिंडायचं, नाहीतर साहेबांच्या व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर माल मागवायचा. आठ महिन्यांपासून पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, सॉफ्टवेअरवर टाकतो. नाव सांगत नाही, कारण आमचा निम्मा त्रास सेटिंगचा होता.

आमच्या पायऱ्या अशा: २५ हजारांपर्यंत विभागप्रमुख, लाखापर्यंत प्लांट मॅनेजर, त्यापुढं संचालक. रोजची कामं यात सुरळीत जातात. मंजुरी देणारे सुट्टीवर गेले की खरी परीक्षा. आमच्याकडं ती महालक्ष्म्यांत झाली.

सोमवारी दुपारी मी मिल स्टँडच्या बेअरिंगची पीआर टाकली. किंमत ८८ हजार, म्हणून ती प्लांट मॅनेजरपाशी संपेल असं धरलं होतं. पण सॉफ्टवेअर १८ टक्के जीएसटी धरून १,०३,८४० रुपये मोजत होतं. त्यामुळं साडेपाचला पीआर संचालकांकडं चढली. फोरमन म्हणाला, "४४-४४ हजारांच्या दोन करून टाका की." तसं केलं असतं तर सॉफ्टवेअरनं पकडलं नसतं, ते प्रत्येक पीआर सुटी बघतं. पण ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतं, त्याला नाही.

संचालक मंगळवारी सकाळी औसा तालुक्यात गावी गेले. जाताना त्यांनी नियमाप्रमाणं आपले अधिकार कमर्शियल मॅनेजरांच्या नावे केले होते, मंगळवारपासून शनिवारपर्यंत. मी निर्धास्त. इथंच फसलो. हे अधिकार फक्त त्या तारखांत नव्यानं येणाऱ्या पीआरला लागू होत होते. माझी सोमवारीच येऊन पडलेली, म्हणून ती संचालकांच्याच खात्यात बसून राहिली. पीआर उघडून `Pending With` समोरचं नाव वाचलं असतं तर मंगळवारीच कळलं असतं. मी नुसता पिवळा रंग बघत राहिलो.

बरं, अडकलेली पीआर २४ तासांनी आठवण देते आणि ४८ तासांनी वरच्या माणसाकडं जाते, असं विकताना सांगितलं होतं. आठवण गेली, पण गावात रेंज नाही. बुधवारी संध्याकाळी पीआर "वर" गेली. कुठं? संचालकांकडंच! युजर बनवताना वरिष्ठाची चौकट रिकामी सोडता येत नव्हती, म्हणून आयटीच्या पोरानं तिथं त्यांचंच नाव भरलं होतं. वर चढली म्हणून घड्याळही पुन्हा शून्यापासून सुरू. म्हणजे दर ४८ तासांनी साहेब स्वतःकडंच तक्रार करणार.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी स्टँडचा आवाज बदलला आणि फोरमन दारात उभा. आयटीच्या पोरानं ॲडमिनमधून पीआर कमर्शियल मॅनेजरांकडं वळवली. त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं, तर "मर्यादा ओलांडली". वळवलेली पीआर ज्याच्याकडं जाते त्याच्या स्वतःच्या लिमिटवर चालते, आणि त्यांचं ५० हजारच. नेमून दिलेले अधिकार मात्र साहेबांच्या लिमिटवर चालतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शेवटी मी पीआर मागं घेतली, नव्यानं टाकली, खालपासून सगळ्या पायऱ्या परत चढवल्या. आता ती रजेच्या तारखांत आल्यामुळं नीट कमर्शियल मॅनेजरांकडं गेली आणि बाराच्या आत मंजूर झाली. बेअरिंग छत्रपती संभाजीनगरहून शनिवारी आलं. मिल थांबली नाही, हे नशीब.

त्यानंतर तीन सेटिंग बदलून घेतल्या. लिमिट आता कर वगळून मोजलं जातं. अधिकार नेमून देताना `Include pending requests` वर टिक लागते, आधीची पडून असलेलीही सोबत जातात. संचालकांच्या वरिष्ठाच्या जागी दुसऱ्या संचालकांचं नाव आहे. अधिकार प्लांट मॅनेजरांच्या नावे करायचे नाहीत, हेही ठरवलं. नाहीतर खालची आणि वरची दोन्ही मंजुरी एकाच माणसाची, मग पायऱ्या कशाला?

चांगलं काय, तर इतिहासाचं पान. त्या पीआरवर आजही "कमर्शियल मॅनेजर, संचालकांच्या वतीनं" असं वेळेसकट दिसतं. ऑडिटरनं ते बघितलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. मोबाइलवर मात्र रक्कम दिसते, कोटेशनचा तक्ता दिसत नाही, त्यामुळं साहेब लोक डोळे झाकून दाबतात.

एक दुखणं अजून तसंच आहे. आमची सुट्टी गुरुवारी, सॉफ्टवेअरची रविवारी, आणि कॅलेंडर सगळ्या प्लांटना एकच. म्हणून बुधवारी संध्याकाळी टाकलेली पीआर गुरुवारी बंद गेटसमोर आपले २४ तास मोजत बसते आणि रविवारी कामावर असलेल्या माणसाला काही आठवण येत नाही. कंपनीला दोनदा लिहिलंय. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू म्हणतात.